त्रिअणू रेणू वाकतो की सरळ राहतो? ऑर्बिटलांच्या ऊर्जेवरून आकार ओळखण्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगलीत विश्रामबागेतल्या एका अभ्यासिकेत रविवारी सकाळी आमचा रसायनशास्त्राचा छोटा वर्ग भरतो. मिरज, तासगाव आणि इस्लामपूर या भागांतून बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाची आणि एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाची मुले येतात, आणि वॉल्श आकृतीचा धडा आला की दरवर्षी तेच प्रश्न पुन्हा पुढे येतात. त्यांची उत्तरे एका ठिकाणी असावीत म्हणून हे पान लिहिले आहे. येथे मुख्यतः मध्ये एक अणू आणि दोन बाजूंना दोन हायड्रोजन अशा रेणूंचाच, म्हणजे AH₂ यांचाच विचार केला आहे, कारण एवढे एक प्रकरण नीट समजले की पुढचे वाचताना अडत नाही.

वॉल्श आकृती म्हणजे नेमके काय?

आडव्या अक्षावर बंधकोन आणि उभ्या अक्षावर ऑर्बिटलांची ऊर्जा घेऊन काढलेला हा आलेख आहे. एका टोकाला १८० अंशांचा सरळ रेणू असतो, दुसऱ्या टोकाला ९० अंशांचा वाकलेला रेणू असतो, आणि मधल्या वाटेवर प्रत्येक ऑर्बिटलची रेघ वर चढते, खाली उतरते किंवा आडवी राहते. ही कल्पना रॉबर्ट मलिकन यांनी १९४२ साली मांडली होती. ए. डी. वॉल्श यांनी १९५३ साली एकापाठोपाठ एक प्रसिद्ध केलेल्या लेखांत ती अनेक प्रकारच्या रेणूंना लावून दाखवली, म्हणून आकृतीला त्यांचे नाव मिळाले. आकार ओळखण्याची रीत अशी की रेणूतले संयुजा इलेक्ट्रॉन मोजायचे, ते खालच्या ऑर्बिटलपासून दोन-दोन करून भरायचे, आणि भरलेल्या रेघांची एकूण बेरीज कोणत्या कोनाला सर्वांत खाली येते ते पाहायचे.

AH₂ मध्ये कोणत्या रेघा असतात आणि त्या कशा वळतात?

रेणू कागदाच्या पातळीत ठेवला आहे असे समजा. बंधकोनाला दुभागणारी दिशा उभी आणि एका हायड्रोजनकडून दुसऱ्याकडे जाणारी दिशा आडवी मानू. गाभ्यातले 1a₁ सोडून दिले, तर उपयोगाची चार ऑर्बिटले उरतात.

सर्वांत खाली 2a₁ आहे. मधल्या अणूचे s ऑर्बिटल आणि दोन्ही हायड्रोजन एकाच चिन्हाने जुळून ते तयार होते. s गोल असल्यामुळे हायड्रोजन कुठेही फिरला तरी त्याच्याशी होणारा ओव्हरलॅप बदलत नाही, म्हणून ही रेघ जवळपास आडवीच राहते. वाकल्यावर दोन हायड्रोजन एकमेकांच्या जवळ येतात तेवढी ती किंचित उतरते.

त्यावर 1b₂ आहे. यात आडवे p ऑर्बिटल असते, आणि त्याचा एक पाकळा एका हायड्रोजनकडे तर दुसरा पाकळा दुसऱ्या हायड्रोजनकडे रोखलेला असतो. रेणू सरळ असताना हायड्रोजन बरोबर पाकळ्यांच्या टोकाशी असतात. रेणू वाकला की ते टोकापासून घसरतात, ओव्हरलॅप कमी होतो आणि ऊर्जा चढते. म्हणजे या ऑर्बिटलमधले इलेक्ट्रॉन रेणूला सरळ ठेवू पाहतात.

उरलेली दोन ऑर्बिटले सरळ रेणूत एकाच ऊर्जेची, निव्वळ p प्रकारची जोडी असतात. वाकताना ही जोडी फुटते. कागदाला लंब असलेले p म्हणजे 1b₁. हायड्रोजन कागदातच फिरत असल्यामुळे त्याच्याशी सममितीनेच काही देणेघेणे होत नाही आणि त्याची रेघ आडवी राहते. उभे p म्हणजे 3a₁. सरळ रेणूत त्याचा हायड्रोजनशी ओव्हरलॅप शून्य असतो. रेणू वाकू लागला की हायड्रोजन त्याच्या एका पाकळ्यात शिरतात, आणि त्याच वेळी सममिती एक झाल्यामुळे खालच्या ऊर्जेचे s त्यात मिसळण्याची वाट मोकळी होते. या दोन कारणांनी ही रेघ चारही रेघांत सर्वांत जोराने खाली येते.

माझ्या मते AH₂ चा सगळा धडा या एका रेघेत आहे. 3a₁ रिकामे असेल तर रेणू सरळ, त्यात एक इलेक्ट्रॉन असेल तर मध्यम वाकलेला, आणि दोन असतील तर चांगलाच वाकलेला, एवढे लक्षात ठेवले तरी पुष्कळ झाले.

रेघा किती चढतात आणि किती उतरतात, हे संगणकाशिवाय पाहता येते का?

ढोबळपणे पाहता येते, आणि प्रत्येकाने एकदा स्वतःच्या हाताने पाहावे. आम्ही वर्गात जुन्या लग्नपत्रिकेच्या जाड कागदाच्या बरोबर १० सेंटिमीटरच्या दोन पट्ट्या कापतो, आलेख कागदाच्या मध्यबिंदूवर एका टाचणीने दोन्ही पट्ट्यांची टोके अडकवतो आणि मोकळ्या टोकांना हायड्रोजन समजतो. टाचणी म्हणजे मधला अणू. पट्टीचे मोकळे टोक टाचणीपासून आडवे किती दूर आहे आणि उभे किती दूर आहे, एवढे दोनच आकडे आलेख कागदावरून वाचायचे. p ऑर्बिटलचा s शी होणारा ओव्हरलॅप दिशेनुसार याच प्रमाणात बदलतो. आडवे अंतर 1b₂ ची पकड सांगते आणि उभे अंतर 3a₁ ची. तिसरे p कागदातून तुमच्या डोळ्याकडे येते. त्या दिशेने पट्टीचे अंतर कधीच शून्याच्या पुढे जात नाही, आणि 1b₁ ची रेघ आडवी का हे मुलांना एका क्षणात कळते.

पट्ट्या सरळ असताना आडवे अंतर १० आणि उभे ० येते. १३४ अंशांवर आडवे ९.२ आणि उभे ३.९ येते. पाण्याच्या १०४.५ अंशांवर ७.९ आणि ६.१ येते. ९० अंशांवर दोन्ही ७.१ येतात. येथे एक गोष्ट बारकाईने पाहण्यासारखी आहे. सरळ स्थितीपासून ४६ अंश वाकेपर्यंत आडव्या अंतरात एक सेंटिमीटरही घट होत नाही, पण उभे अंतर शून्यावरून जवळजवळ चार सेंटिमीटरवर जाते. म्हणजे वाकण्याच्या सुरुवातीला 1b₂ चे नुकसान अगदी थोडे असते आणि 3a₁ चा फायदा पुष्कळ असतो. म्हणूनच 3a₁ मध्ये एकच इलेक्ट्रॉन असला तरी तो साधारणपणे रेणूला वाकवू शकतो.

आता मधल्या अणूचे p आणि हायड्रोजनचे s जवळपास सारख्या ऊर्जेचे आहेत असे धरा. अशा वेळी ऑर्बिटल जेवढे खाली जाते ते ओव्हरलॅपच्या प्रमाणात असते, म्हणून प्रत्येक इलेक्ट्रॉनमागे सेंटिमीटरच मोजता येतात. 1b₂ मध्ये दोन आणि 3a₁ मध्ये एक इलेक्ट्रॉन असेल, तर आडव्या अंतराची दुप्पट अधिक उभे अंतर अशी बेरीज करायची. ती सरळ स्थितीत २०, १५० अंशांवर २१.९, १२७ अंशांवर २२.४ आणि ९० अंशांवर २१.२ येते. सर्वांत मोठी बेरीज १२७ अंशांच्या आसपास मिळते. दोन्ही ऑर्बिटलांत दोन-दोन इलेक्ट्रॉन असतील, तर बेरीज सरळ स्थितीत २०, १३४ अंशांवर २६.२, १०४.५ अंशांवर २८.१ आणि ९० अंशांवर २८.३ येते. म्हणजे कमाल ९० अंशांवर आहे, पण ९० ते १०५ अंशांच्या पट्ट्यात फरक नगण्य आहे. 3a₁ रिकामे असेल तर फक्त आडवे अंतर उरते आणि त्याची कमाल अर्थातच १८० अंशांवर असते.

हे आकडे प्रत्यक्ष रेणूंशी जुळतात का?

क्रम जुळतो, नेमका आकडा नाही. BeH₂ मध्ये चार संयुजा इलेक्ट्रॉन आहेत, ते 2a₁ आणि 1b₂ मध्ये संपतात, आणि रेणू सरळ आहे. BH₂ मध्ये पाचवा इलेक्ट्रॉन 3a₁ मध्ये जातो आणि कोन सुमारे १३१ अंश आहे. NH₂ मध्ये सात इलेक्ट्रॉन आहेत, 3a₁ पूर्ण भरलेले आणि 1b₁ मध्ये एक, आणि कोन सुमारे १०३ अंश आहे. पाण्यात आठवा इलेक्ट्रॉन 1b₁ मध्ये गेला तरी कोन १०४.५ अंशच राहतो. NH₂ ते H₂O या एका पावलात कोन जवळजवळ हलत नाही, आणि 1b₁ ची रेघ आडवी आहे या म्हणण्याचा हा सर्वांत साधा पुरावा आहे.

पट्ट्यांचा हिशोब १८०, १२७ आणि ९० अंश सांगतो, आणि प्रत्यक्षात १८०, सुमारे १३१ आणि १०३ ते १०५ अंश मिळतात. १२७ आणि १३१ इतके जवळ आले म्हणून भुलून जाऊ नये. या हिशोबात आपण s चे मिश्रण, दोन हायड्रोजनांमधले अपकर्षण आणि p व हायड्रोजन यांच्या ऊर्जेतला फरक हे सगळे बाजूला ठेवले आहे. ९० च्या जागी १०४ अंश येण्यामागे त्यातल्याच पहिल्या दोन गोष्टींचा हात आहे. गंधकाचा H₂S घेतला तर कोन ९२ अंश आहे, म्हणजे पट्ट्यांच्या उत्तराच्या अगदी शेजारी. तेथे बंधाची लांबी १.३४ अँगस्ट्रॉम आहे, तर पाण्यात ती ०.९६ अँगस्ट्रॉम आहे. हायड्रोजन एकमेकांपासून दूर असतात आणि गंधकाचे 3s बंधात कमी भाग घेते, त्यामुळे केवळ p वर चालणारा हिशोब तेथे जास्त खरा ठरतो.

CH₂ च्या बाबतीत नेहमी गोंधळ होतो. त्याचा आकार कसा ठरवायचा?

गोंधळ होणे स्वाभाविक आहे, कारण येथे आकृती एक उत्तर देत नाही, दोन देते. मेथिलीनमध्ये सहा संयुजा इलेक्ट्रॉन आहेत. चार इलेक्ट्रॉन 2a₁ आणि 1b₂ मध्ये गेले की दोन उरतात, आणि त्यांच्यापुढे दोन वाटा असतात. दोघेही 3a₁ मध्ये जोडीने बसले, तर 3a₁ ची पुरी ओढ मिळते आणि कोन लहान व्हायला हवा. एक 3a₁ मध्ये आणि एक 1b₁ मध्ये, दोघांचा स्पिन एकाच दिशेला, असे बसले, तर ओढ निम्मी मिळते आणि कोन BH₂ च्या जवळपास यायला हवा. पहिल्या स्थितीला सिंगलेट म्हणतात, तिचा कोन सुमारे १०२ अंश आहे. दुसरीला ट्रिपलेट म्हणतात, तिचा कोन सुमारे १३४ अंश आहे. म्हणजे इलेक्ट्रॉन कुठे आहेत हे एकदा ठरले की आकार बरोबर सांगता येतो.

पण या दोघींतली खालची स्थिती कोणती, हे रेघांवरून ठरत नाही. वाकल्यामुळे 3a₁ आणि 1b₁ यांच्यात पडणारे अंतर एका पारड्यात, आणि दोन इलेक्ट्रॉन एकाच ऑर्बिटलमध्ये कोंबल्यामुळे वाढणारे अपकर्षण दुसऱ्या पारड्यात, असे ते वजन आहे. CH₂ मध्ये दुसरे पारडे जड ठरते आणि ट्रिपलेट सुमारे ०.४ इलेक्ट्रॉन व्होल्टने खाली असते. SiH₂ मध्ये पहिले पारडे जड ठरते. तेथे सिंगलेट खाली असते आणि कोन ९२ अंशांच्या आसपास असतो.

या रेणूचा इतिहासही मुलांना सांगण्यासारखा आहे. १९६० साली फॉस्टर आणि बॉइज यांच्या गणिताने ट्रिपलेट मेथिलीन सुमारे १२९ अंशांनी वाकलेले असल्याचे दाखवले. १९६१ साली गेरहार्ड हर्झबर्ग यांनी वर्णपटावरून ते सरळ किंवा जवळपास सरळ असल्याचा निष्कर्ष काढला, आणि वर्णपटशास्त्रातला त्यांचा अधिकार एवढा मोठा होता की तेच उत्तर मान्य झाले. १९७० साली बेंडर आणि शेफर यांच्या गणिताने पुन्हा १३५ अंश सांगितले, त्याच वर्षी इलेक्ट्रॉन स्पिन अनुनादाच्या प्रयोगांनी रेणू वाकलेला असल्याचे दिसले, आणि १९७१ साली हर्झबर्ग यांनी जॉन्स यांच्यासोबत आपल्याच वर्णपटाचा अर्थ नव्याने लावून ते मान्य केले. वॉल्श आकृतीत 3a₁ मधल्या एका इलेक्ट्रॉनची ओढ ज्याने पाहिली आहे, त्याला सरळ ट्रिपलेट मेथिलीन पहिल्यापासूनच संशयास्पद वाटले असते.

पाण्यातल्या दोन एकाकी जोड्या सारख्याच असतात ना? मग 3a₁ आणि 1b₁ वेगळे कसे?

बारावीत शिकवल्या जाणाऱ्या जोडी-अपकर्षणाच्या चित्रात ऑक्सिजनवर सशाच्या कानांसारख्या दोन सारख्या जोड्या दाखवतात. आकार लक्षात ठेवायला ते चित्र सोयीचे आहे, आणि एकूण इलेक्ट्रॉन घनता सांगण्यापुरते ते चूकही नाही. पण पाण्यातून एक इलेक्ट्रॉन काढायला गेलो की त्या चित्राची मर्यादा उघडी पडते.

फोटोइलेक्ट्रॉन वर्णपटात हेलियमच्या दिव्याचा २१.२ इलेक्ट्रॉन व्होल्टचा प्रकाश पाण्याच्या वाफेवर सोडतात आणि बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनची गतिज ऊर्जा मोजतात. २१.२ मधून ती वजा केली की इलेक्ट्रॉन किती घट्ट बांधलेला होता ते कळते. दोन्ही जोड्या सारख्या असत्या तर त्यांच्यासाठी एकच पट्टा दिसायला हवा होता. प्रत्यक्षात सुमारे १२.६ वर एक पट्टा आणि १४.७ च्या आसपास दुसरा पट्टा दिसतो, आणि त्यांच्यापुढे १८.५ जवळ तिसरा दिसतो. हे क्रमाने 1b₁, 3a₁ आणि 1b₂ आहेत. सर्वांत खालचे 2a₁ सुमारे ३२ वर असल्यामुळे या दिव्याच्या आवाक्यात येत नाही.

पट्ट्यांची जागा पाहून थांबू नये, त्यांचे रूप पाहावे. पहिल्या पट्ट्यात एक उंच टोकदार सुळका असतो आणि त्याच्या मागे दोन-चार बुटके सुळके असतात. इलेक्ट्रॉन गेल्यावर रेणूचा आकार फारसा बदलला नाही, म्हणून मागे राहिलेल्या आयनात कंपन जागे झाले नाही, असा त्याचा अर्थ. H₂O⁺ चा कोन सुमारे ११० अंश आहे, म्हणजे 1b₁ मधला इलेक्ट्रॉन काढूनही फरक जेमतेम पाच-सहा अंशांचा पडला. दुसऱ्या पट्ट्याचे रूप अगदी निराळे आहे. त्यात सुळक्यांची लांबलचक माळ असते, आणि ती बंधकोनाच्या उघडझाकीच्या कंपनाची असते. 3a₁ मधला एक इलेक्ट्रॉन काढला की वाकवून ठेवणारी ओढ निम्मी होते, आयनाला एकदम मोठ्या कोनाकडे जावेसे वाटते, आणि तो १०४.५ अंशांवरून सुटलेल्या स्प्रिंगसारखा हलू लागतो. या अवस्थेतला H₂O⁺ जवळपास सरळच असतो. एकाच रेणूतून दोन वेगवेगळे इलेक्ट्रॉन काढून एकदा आकार तसाच राहिलेला आणि एकदा उलगडलेला पाहायला मिळतो. वॉल्श आकृतीतल्या रेघेचा उतार इतक्या थेटपणे दाखवणारा दुसरा प्रयोग मला तरी माहीत नाही.

येथे कागदी पट्ट्यांच्या हिशोबाची मर्यादाही दिसते. 3a₁ मध्ये एक इलेक्ट्रॉन असलेल्या सर्वांना तो १२७ अंशच सांगेल. प्रत्यक्षात BH₂ मध्ये १३१, ट्रिपलेट CH₂ मध्ये १३४, उत्तेजित NH₂ मध्ये सुमारे १४४, आणि या H₂O⁺ मध्ये १८० च्या जवळ, असा कोन उघडत जातो. अणुकेंद्राचा भार वाढेल तसा हा बदल होतो, आणि तो पकडायला कागदाच्या पट्ट्या पुऱ्या पडत नाहीत.

परीक्षेत नेमकी कुठे चूक होते?

सर्वांत जास्त आढळणारी चूक म्हणजे 3a₁ आणि 1b₁ यांची नावे उलटी लिहिणे. काही वर्षांपूर्वी आमच्या मुलांच्या हातात एक गाइड होते. त्यात छापतानाच ही दोन नावे अदलाबदल झाली होती, आणि त्या वर्षी अर्ध्या वर्गाने पाण्यात सर्वांत वरचे ऑर्बिटल 3a₁ आहे असे पाठ केले. ही चूक स्वतःची स्वतः पकडता येते. आकृतीत सर्वांत जोराने उतरणाऱ्या रेघेवर b₁ लिहिलेले दिसले, तर थांबावे आणि विचारावे की कागदाला लंब असलेल्या p ला हायड्रोजन भेटणारच कुठे?

दुसरी अडचण b₁ आणि b₂ यांची आहे. रेणू कोणत्या पातळीत ठेवला यावर ही नावे ठरतात, आणि काही पुस्तकांत ती उलट असतात. ती चूक नव्हे, ती मांडणी आहे. उत्तराच्या सुरुवातीला अक्ष काढून दाखवले की प्रश्न मिटतो.

पाण्याचा रेणू जबरदस्तीने सरळ करायचा झाला तर किती ऊर्जा लागेल?

सुमारे १.४ इलेक्ट्रॉन व्होल्ट, म्हणजे मोलमागे साधारण १३३ किलोज्यूल. बंधकोनाच्या साध्या कंपनाचा एक टप्पा १५९५ प्रति सेंटिमीटर इतका असतो आणि हा अडथळा सुमारे ११,१०० प्रति सेंटिमीटर आहे, म्हणून नेहमीच्या तापमानाला पाण्याचा रेणू सरळ स्थितीतून पलीकडे उलटत नाही.

CO₂ किंवा NO₂ यांनाही हीच आकृती लावायची का?

रीत तीच, आकृती वेगळी. बाजूच्या अणूंनाही p ऑर्बिटले असल्यामुळे रेघा वाढतात. तेथे सोळा संयुजा इलेक्ट्रॉनांपर्यंत रेणू सरळ राहतो, आणि सतरावा इलेक्ट्रॉन ज्या ऑर्बिटलमध्ये जातो ते वाकताना जोराने खाली येते, म्हणजे 3a₁ चेच काम करते. NO₂⁺ मध्ये सोळा इलेक्ट्रॉन आहेत आणि तो सरळ आहे, NO₂ मध्ये सतरा आहेत आणि कोन १३४ अंश आहे, NO₂⁻ मध्ये अठरा आहेत आणि कोन सुमारे ११५ अंश आहे. एकाच त्रिकुटात एक-एक इलेक्ट्रॉन घालत गेल्यावर AH₂ मध्ये पाहिलेली तीच गोष्ट पुन्हा दिसते. बावीस इलेक्ट्रॉन झाले की XeF₂ आणि I₃⁻ यांच्यासारखे रेणू पुन्हा सरळ होतात, कारण तोवर वाकल्याने चढणाऱ्या रेघाही भरलेल्या असतात.

ही पद्धत कुठे फसते, आणि फसणार हे आधी कसे ओळखावे?

ऑर्बिटलांच्या ऊर्जांची बेरीज म्हणजे रेणूची एकूण ऊर्जा नव्हे. त्या बेरजेत इलेक्ट्रॉनांमधले अपकर्षण दोनदा मोजले जाते आणि अणुकेंद्रांमधले अपकर्षण मोजलेच जात नाही. सहसंयुजी रेणूंत या दोन चुका बऱ्याच अंशी एकमेकींना खोडतात, म्हणून पद्धत चालते. बंध जितका आयनिक, तितका हा आधार डळमळतो.

याचे नेटके उदाहरण वायुरूप Li₂O आहे. लिथियमचा एक-एक आणि ऑक्सिजनचे सहा असे आठ संयुजा इलेक्ट्रॉन होतात, म्हणजे हिशोब पाण्याचाच. AH₂ ची आकृती तशीच लावली तर तो वाकलेला यायला हवा, पण तो सरळ आहे. तेथे इलेक्ट्रॉन जवळपास पूर्णपणे ऑक्सिजनकडे गेलेले असतात, त्यामुळे 3a₁ वाकल्याने जे काही मिळवते ते फार थोडे असते, आणि धन भार असलेले दोन लिथियम एकमेकांपासून जास्तीत जास्त दूर, म्हणजे समोरासमोर राहतात.

उलट दिशेचे उदाहरण वायुरूप BaF₂ आहे. त्यात सोळा संयुजा इलेक्ट्रॉन आहेत, म्हणून सरळ हवा, पण तो वाकलेला आहे. बेरियमची रिकामी 5d ऑर्बिटले ऊर्जेने इतकी जवळ असतात की ती बंधात उतरतात, आणि आपल्या आकृतीत ती मुळातच काढलेली नसतात. शिवाय बेरियमचा मोठा गाभाही फ्लोरीनच्या भाराने एका बाजूला ओढला जातो. म्हणून मधला अणू दुसऱ्या गटातला जड धातू असेल, किंवा दोन अणूंच्या विद्युतऋणतेत फार मोठा फरक असेल, तर इलेक्ट्रॉन मोजण्याआधीच पेन्सिलीने कडेला प्रश्नचिन्ह काढून ठेवावे, असे मी मुलांना सांगतो.